देवस्थानात चित्रीकरण: परवानगी कुणाची, होकार कुणाचा

देवस्थानात चित्रीकरण करायचं ठरलं की नवखी मंडळी आधी विश्वस्तांच्या पत्रामागे लागतात आणि पत्र हातात पडलं की काम झालं असं समजतात. त्या पत्राने तुम्हाला जागा मिळते. तिथे डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा मिळत नाही. तो द्यायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. या लेखात दोन्ही गोष्टी आहेत, पण दुसरीला मी जास्त जागा देणार आहे. परवानगीत चूक झाली तर फार तर तुम्हाला बाहेर काढतील. होकार घेण्यात चूक झाली तर ती भाविकाला भोवते, आणि त्याला ते बहुतेक वेळा व्हिडिओ सगळीकडे पोचल्यावरच कळतं.

देवस्थानात दिसणं ही साधी गोष्ट नाही. बाजारात कुणी चालताना दिसलं तर त्यावरून फारसं काही कळत नाही. देवापुढे कुणी दिसलं तर त्याचा धर्म कळतो, कधी त्याचं आजारपण कळतं, मूल होत नाही हे कळतं, घरी न सांगता तो इथे आला हेही कळतं. युरोपात २०१८पासून लागू असलेल्या जीडीपीआर कायद्यात धार्मिक श्रद्धेची माहिती आरोग्याच्या माहितीबरोबर विशेष संरक्षणाच्या यादीत ठेवली आहे. तुमच्याकडे कोणता कायदा लागू आहे ते तुम्ही पाहालच, पण ही माहिती किती नाजूक प्रकारची आहे हे त्या यादीवरून नीट समजतं.

बोलायला सोपं जावं म्हणून एकच काम समोर ठेवतो. लहानसं देवस्थान, सभामंडपात एका वेळी तीस-चाळीस माणसं मावतील, आत छोटा गाभारा. संध्याकाळच्या पूजेचं चित्रीकरण, दोन दिवस. आम्ही तिघं: मी कॅमेऱ्यावर, एक जण आवाजावर आणि एक सहकारी फक्त भाविकांशी बोलायला. हे तिसरं माणूस खर्च वाचवायला वगळू नका. कॅमेरा चालवणाऱ्याला एकाच वेळी फ्रेम सांभाळून माणसाशी शांतपणे बोलता येत नाही.

पहिली फेरी कॅमेऱ्याशिवाय

ज्या वेळी चित्रीकरण करायचं आहे त्याच वेळी दोनदा जाऊन नुसते बसा. फोनही खिशातच राहू द्या. लोक कुठून आत येतात, कुठे क्षणभर थांबतात, कुठे रडतात, कुठे पुजाऱ्याशी हळू आवाजात बोलतात, हे पाहा. उजेड कुठून येतो तेही पाहा, पण ते दुय्यम.

या फेरीतच अधिकार कुणाकडे आहे हे उलगडतं. सही करणारा एक असतो, किल्ली ठेवणारा दुसरा, आणि ज्याच्या एका शब्दावर सगळे थांबतात तो बऱ्याचदा तिसराच असतो. आमच्या त्या कामात अध्यक्षांनी सही दिली होती आणि पुजाऱ्यांची पाळी दर आठवड्याला बदलत होती. ज्यांच्याशी बोलून आम्ही सगळं ठरवलं, ते चित्रीकरणाच्या दिवशी पाळीवर नव्हतेच. जे होते त्यांना काही माहीत नव्हतं आणि त्यांनी आम्हाला दारातच थांबवलं. त्यांचं बरोबरच होतं. म्हणून हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा: "अमुक तारखेला संध्याकाळी आत कोण असेल? त्यांना आज भेटता येईल का?"

वास्तू संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याकडेही विचारावं लागतं. तिथे हातातला कॅमेरा आणि तिपाईवरचा कॅमेरा यांना वेगळे नियम लागू शकतात. ड्रोनचा विषय पूर्ण निराळा, त्याच्यासाठी विमान वाहतुकीच्या यंत्रणेचे नियम बघावे लागतात. या दोन्हींपैकी काही तुमच्या कामात असेल तर विश्वस्तांच्या पत्राने ते सुटत नाही.

अर्ज

विश्वस्त मंडळाची बैठक रोज होत नाही. अर्ज बैठकीपुढे जाईल, मग निर्णय, मग पत्र, हे धरून निदान सहा आठवडे आधी अर्ज द्या. एका पानाच्या वर नको, पण त्या पानात नेमकेपणा हवा. "देवस्थानावर माहितीपट करायचा आहे, सहकार्य करावे" अशा अर्जावर मिळणारी परवानगीही तितकीच मोघम असते, आणि मोघम परवानगी गर्दीच्या वेळी टिकत नाही. आमच्या अर्जाचा मुख्य भाग साधारण असा होता:

> आम्ही तिघे जण दोन दिवस, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात या वेळेत सभामंडपात चित्रीकरण करू इच्छितो. सोबत एक कॅमेरा व एक ध्वनिमुद्रक असेल. वेगळे दिवे लावणार नाही. गाभाऱ्याच्या उंबरठ्यापलीकडे कॅमेरा नेणार नाही. दानपेटी, देणगीची मोजणी आणि दागिने टिपणार नाही. सभामंडपाचा डावा भाग कॅमेऱ्याबाहेर राहील, म्हणजे ज्यांना दिसायचे नाही त्यांना तिथून दर्शन घेता येईल. ओळखू येईल अशा प्रत्येक भाविकाचा होकार आम्ही स्वतंत्रपणे घेऊ. थेट प्रक्षेपण करणार नाही. देवस्थानाने नेमलेल्या व्यक्तीने "थांबा" म्हटल्यास चित्रीकरण त्याच क्षणी थांबवू.

सोबत सभामंडपाचा हाताने काढलेला नकाशा जोडा. कॅमेरा कुठे उभा असेल आणि कुठवर दिसेल, हे त्यावर दाखवा. विश्वस्त मजकूर वरवर वाचतात, पण नकाशावर बोट ठेवून बोलतात. आमच्या नकाशावर एका ज्येष्ठ विश्वस्तांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथे बायका बसतात. इकडे तोंड करू नका." दोन फेऱ्या मारूनही ते आमच्या लक्षात आलं नव्हतं.

रेषा जमिनीवर आखता येईल अशी मागा. "पावित्र्य राखा" या सूचनेचा अर्थ प्रत्येक जण आपल्यापरीने लावतो. "या पायरीच्या पुढे नाही" याचा एकच अर्थ होतो. जपानमधल्या इसे इथल्या मुख्य देवस्थानात पायऱ्यांच्या खालून फोटो काढता येतो, पायऱ्या चढल्यावर नाही. हजारो लोकांना समजेल असा नियम एवढा साधा असू शकतो.

थेट प्रक्षेपणाबद्दल माझं मत ठाम आहे. ज्या चौकटीत भाविक ओळखू येतात तिथून थेट प्रक्षेपण करू नये. होकार मागे घ्यायला त्यात जागाच उरत नाही. देवस्थानालाच थेट दर्शन दाखवायचं असेल तर कॅमेरा फक्त मूर्तीवर किंवा समाधीवर रोखलेला असावा.

दोन गोष्टी पत्रात लिहून घ्या, नाहीतर पुढे कटुता येते. पहिली, तयार व्हिडिओ देवस्थानाला आधी दाखवणार का. मी दाखवतो, आणि दोन प्रकारच्या दुरुस्त्या मान्य करतो: माहितीतल्या चुका आणि ठरलेली रेषा ओलांडली गेली असेल तर तो भाग. बाकी संपादन माझं, हे मी आधीच सांगतो. दुसरी गोष्ट पैशाची. देणगी द्यायची असेल तर पावती घेऊन द्या आणि परवानगीशी तिचा संबंध ठेवू नका. पैसे भरून आत आलो असं एकदा झालं की पुजारीच भाविकांना "उभे राहा, शूटिंग आहे" म्हणून दटावू लागतात, आणि मग भाविकाच्या होकाराला काही अर्थ राहत नाही.

लेन्स आणि माइक

हा भाग तांत्रिक वाटेल, पण होकाराचा प्रश्न इथेच सुरू होतो.

देवस्थानात उजेड कमी असतो, त्यामुळे नवखे लोक दिवे लावतात. लावू नका. दिवा लागला की सगळ्यांचे चेहरे देवाकडून तुमच्याकडे वळतात. एफ १.८ची लेन्स आणि आयएसओ ३२०० एवढ्यावर आजच्या बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत चालण्यासारखं चित्र मिळतं. एलईडीचे दिवे असतील तर चित्र फडफडू शकतं. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, ६० असेल तर १/६० किंवा १/१२०.

लेन्सची निवड ही फक्त दिसण्याची बाब नाही. मंडपाच्या टोकाला उभं राहून १३५ मिलिमीटरच्या लेन्सने एखाद्या आजींच्या पुटपुटणाऱ्या ओठांचं चित्र सहज मिळतं. सुंदर मिळतं. पण आपण पडदाभर दिसतोय हे आजींना कळायला काही मार्ग नाही. दूरवर एक माणूस कॅमेरा घेऊन उभा आहे, तो देवाचं चित्र घेत असेल, असंच त्यांना वाटणार. ३५ मिलिमीटरची लेन्स लावली तर तुम्हाला दोन-तीन हातांवर जावं लागतं. तिथे माणूस तुम्हाला पाहतो, मान हलवतो, किंवा पदर तोंडावर घेतो. हा पदर म्हणजे नकार, आणि तो तुम्हाला दिसला कारण तुम्ही जवळ होता. लांबची लेन्स मी देवस्थानात फक्त कळस, कोरीवकाम आणि घंटेसाठी वापरतो. कॅमेऱ्यावरचा चित्रीकरण सुरू असल्याचा लाल दिवाही चालूच ठेवा, पट्टी लावून झाकू नका.

आवाजाबद्दल मी स्वतः चुकलो आहे, म्हणून सविस्तर सांगतो. एका कामात आम्ही पुजाऱ्यांच्या उपरण्याला छोटा बिनतारी माइक लावला होता. मंत्र स्वच्छ यावेत एवढाच हेतू. पुजाऱ्यांची परवानगी होती. पूजा संपली, लोक एकेक करून त्यांच्याजवळ येऊ लागले आणि आम्ही तिपाई आवरायला घेतली. रात्री ध्वनिमुद्रण ऐकायला बसलो तेव्हा त्यात एका बाईचा आवाज होता. ती आपल्या मुलाबद्दल पुजाऱ्यांना काही सांगत होती, अगदी हळू, जे ती घरीही बोलली नसेल. कॅमेरा बंद होता, माइक चालू होता. ती फाइल आम्ही त्याच रात्री सगळीकडून पुसली आणि दुसऱ्या दिवशी पुजाऱ्यांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

तेव्हापासूनचा नियम असा: पुजाऱ्याच्या अंगावर माइक असेल तर पूजा संपल्या क्षणी आवाज सांभाळणारा स्वतः जाऊन तो काढून घेतो. दुरून बंद केल्यावर भागत नाही. काढूनच घ्यायचा, म्हणजे पुजाऱ्यांनाही कळतं की आता कुणी ऐकत नाही. शक्य असेल तर माइक अंगावर न लावता खांबाला लावा. मंत्र थोडे घुमतील, पण कुजबुज येणार नाही.

फलक कुठे आणि काय

गर्दीतल्या प्रत्येकाशी बोलता येत नाही, म्हणून फलक लागतो. तो बहुतेक जण गाभाऱ्याच्या दाराशी लावतात. तिथे तो कुणी वाचत नाही, कारण तोवर मन देवाकडे गेलेलं असतं. चपला काढायच्या जागी लावा. तिथे माणूस वाकतो, थांबतो, आजूबाजूला पाहतो, आणि परत फिरायचं झालं तर तिथूनच सहज फिरता येतं. अक्षरं दहा पावलांवरून वाचता यावीत. जास्त मजकूर नको.

> आज आणि उद्या संध्याकाळी साडेपाच ते साडेसात आत व्हिडिओ चित्रीकरण आहे. तो इंटरनेटवर दिसेल. आपल्याला दिसायचे नसेल तर डाव्या बाजूने दर्शन घ्या, तिथे कॅमेरा येणार नाही. काही विचारायचे असल्यास पिवळे जाकीट घातलेल्या व्यक्तीशी बोला.

या फलकाला मर्यादा आहे. त्याने तुम्हाला फक्त मागून, दुरून, ओळखू न येणारी गर्दी टिपायची मोकळीक मिळते. "फलक लावला होता, तरी ती आत आली, म्हणजे तिची हरकत नव्हती," हा युक्तिवाद मला मान्य नाही. ती दर्शनाला आली होती. कित्येकांना वाचता येत नाही, कित्येकांनी चष्मा आणलेला नसतो. डावी बाजू मात्र खरोखर कॅमेऱ्याबाहेर असायला हवी आणि तिथूनही देव दिसायला हवा. खांबामागची जागा देऊन उपयोग नाही. आम्ही जमिनीवर पांढरी दोरी टाकली होती आणि आपल्यालाच सांगून ठेवलं होतं की कितीही चांगलं दृश्य दिसलं तरी दोरीपलीकडे लेन्स वळणार नाही.

दोन मिनिटांचं बोलणं

ज्या माणसाचा चेहरा ओळखू येईल, त्याच्याशी बोलायचंच. जो माणूस व्हिडिओत स्वतः बोलणार आहे किंवा ज्याच्या मागे कॅमेरा फिरणार आहे, त्याचा लेखी किंवा ध्वनिमुद्रित होकार घ्यायचा.

हे बोलणं पुजाऱ्यांनी करू नये. पुजाऱ्यांनी विचारलं तर भाविक नाही म्हणत नाही, म्हणू शकत नाही. विश्वस्तांनीही करू नये. कॅमेरा खांद्यावर असलेल्यानेही नको. आमची सहकारी पिवळं जाकीट घालून, रिकाम्या हातांनी, चपलांच्या जागेपासून थोडी आत उभी राहायची. शक्यतो दर्शनाआधी विचारायची, कारण दर्शन घेऊन परतणारा माणूस वेगळ्याच मनःस्थितीत असतो. तिचं बोलणं असं चालायचं:

"नमस्कार मावशी, दोन मिनिटं बोलू का? नाही म्हणालात तरी चालेल."

"बोल की."

"आम्ही इथल्या संध्याकाळच्या पूजेवर एक व्हिडिओ करतोय. तो यूट्यूबवर येईल, म्हणजे फोनवर कुणालाही दिसेल. तुमच्या गावातल्यांना, नातेवाइकांना, अनोळखी माणसांनाही. एकदा तो लोकांकडे गेला की आम्ही काढला तरी कुणाच्या तरी फोनमध्ये राहू शकतो. तुम्ही हात जोडताना त्यात दिसलात तर चालेल का?"

"देवाचं आहे ना, मग काय हरकत आहे?"

"देवाचं आहे, पण आम्ही देवस्थानाकडून आलेलो नाही मावशी, आमचं वेगळं काम आहे. नाही म्हणालात तर दर्शनात काही फरक पडणार नाही, त्या डाव्या बाजूने जा, तिथूनही छान दिसतं. हो म्हणालात तर पैसे मिळणार नाहीत. आणि नंतर मन बदललं तर या कार्डावर फोन आहे, महिनाअखेरपर्यंत सांगितलंत तर तुमचा भाग काढून टाकू."

इथे मावशी हो म्हणाल्या तरी आणखी एक प्रश्न विचारायचा असतो, आणि माझ्या मते सगळ्या बोलण्यातला हाच सर्वांत महत्त्वाचा: "घरी कुणी विचारलं की ती मुलगी काय म्हणत होती, तर तुम्ही काय सांगाल?" उत्तर आलं, "देवळाचे फोटो काढतायत," तर समजलेलं नाही. पुन्हा सांगायचं. उत्तर आलं, "माझा व्हिडिओ काढून फोनवर टाकणार आहेत, नको असेल तर फोन कर म्हणाली," तर समजलं. कागदावर सही असो वा नसो, या उत्तराशिवाय होकार धरू नका.

"आम्ही देवस्थानाकडून आलेलो नाही" हे वाक्य विसरू नका. आत, पुजाऱ्यांच्या शेजारी, परवानगीचं पत्र गळ्यात अडकवून उभ्या असलेल्या माणसाला भाविक देवस्थानाचाच समजतो. त्याला नाही म्हटलं तर देवाला नाही म्हटल्यासारखं वाटतं.

काही होकार म्हणजे नकारच असतात. नवऱ्याकडे किंवा सासूकडे पाहून दिलेला. "तुम्ही म्हणाल तसं." "सगळे हो म्हणतायत ना, मग मी पण." मान हलते पण पावलं मागे सरकतात. अशा वेळी आमची सहकारी आग्रह करत नसे. "राहू द्या मावशी, तुम्ही निवांत दर्शन घ्या," असं म्हणून डावी बाजू दाखवायची. कुटुंबातल्या कर्त्याने "आम्हा सगळ्यांना चालेल" म्हटलं तरी प्रत्येक मोठ्या माणसाला वेगळं विचारा, जमल्यास दोन पावलं बाजूला घेऊन.

लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांचा होकार लागतोच, पण मूल स्वतः तोंड लपवत असेल तर त्याचं ऐका. काका-मामांनी दिलेला होकार पुरत नाही.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडून अंगठा घेऊ नका. कागदावर काय लिहिलंय हे त्यांना कळलं नाही, तर अंगठ्याने कळणार नाही. त्याऐवजी त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा: नाव, तारीख, आणि त्यांच्याच शब्दांत कशाला हो म्हटलंय ते. शेजारी त्यांच्या ओळखीचं एक माणूस साक्षीला असावं. हे ध्वनिमुद्रण वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, ते व्हिडिओत वापरायचं नाही.

राहिली ती माणसं ज्यांना त्या क्षणी विचारताच येत नाही: हमसून रडणारी, अंगात संचार झालेली, नुकतं कुणी गेलेलं म्हणून आलेली. अशा माणसाला आधी विचारून ठेवणं शक्य नसतं आणि त्या क्षणी विचारणं क्रूर असतं. काही जण म्हणतात, टिपून ठेवू आणि मग विचारू. मी तसं करत नाही. एकदा ते दृश्य हातात असलं की ते वापरावंसं वाटतं आणि मग विचारण्यातच ओढ येते. समोरच्याला ती जाणवते. संचार झालेला माणूस भानावर आल्यावर बऱ्याचदा त्याला काही आठवत नाही, आणि स्वतःला तसं पडद्यावर पाहणं त्याला सोसेलच असं नाही. मी कॅमेरा त्या माणसावरून काढून दीपमाळेकडे किंवा घंटेकडे वळवतो आणि आवाजही फक्त घंटेचा येईल अशा अंतरावर जातो.

नोंदवही

होकार घेऊन झाला, पण तो कुठल्या दृश्याचा हे नंतर कळलं नाही तर त्याचा उपयोग शून्य. दोन संध्याकाळींत तुमच्याकडे शे-दोनशे क्लिप जमतात आणि त्यांत पन्नास निळ्या साड्या असतात.

आम्ही प्रत्येक होकाराला क्रमांक द्यायचो. सहकारी तो क्रमांक एका कार्डावर लिहून भाविकाच्या हातात द्यायची आणि, त्यांची हरकत नसेल तर, कार्डासह एक फोटो काढून ठेवायची. संध्याकाळी घरी गेल्यावर मी क्लिप पाहायचो आणि वहीत भरायचो. एक ओळ अशी दिसायची: क्रमांक १७, पहिला दिवस, सहा वाजून दहा मिनिटं, निळी साडी आणि तपकिरी शाल, `C0147.MP4` आणि `C0148.MP4`, चेहरा चालेल, आवाज नको, मुदत महिनाअखेर.

"आवाज नको" हा रकाना ठेवाच. हात जोडलेलं दिसायला लोकांची हरकत नसते, पण देवाकडे काय मागितलं ते ऐकू जाऊ नये असं वाटतं. हो आणि नाही यांच्या मधले असे अनेक होकार असतात: मागून चालेल, मुलासोबत नको, मोठ्या व्हिडिओत चालेल पण छोट्या क्लिपमध्ये नको. ज्याचा क्रमांक नाही आणि चेहरा ओळखू येतो, अशी क्लिप संपादनाच्या फोल्डरमध्ये जाताच कामा नये. ती वेगळी काढा आणि मुदतीनंतर पुसा.

मुखपृष्ठावरच्या छोट्या चित्रासाठी, म्हणजे थंबनेलसाठी, वेगळा होकार घ्या. दहा मिनिटांच्या व्हिडिओत तीन सेकंद दिसणं वेगळं आणि व्हिडिओ न उघडणाऱ्यांनाही आपला चेहरा दिसणं वेगळं. भाविकाचा चेहरा थंबनेलवर मी टाकत नाही. कळस किंवा दिवा पुरतो.

कुणी मागे फिरलं तर

क्रमांक १७च्या मावशींचा अकराव्या दिवशी फोन आला. त्या स्वतः बोलल्या नाहीत, त्यांची मुलगी बोलली. कारण सांगू लागली तेव्हा मी तिला थांबवलं, कारण विचारायची गरज नव्हती. एवढंच विचारलं की हे मावशींना स्वतःला हवंय ना. तिने फोन त्यांच्याकडे दिला. "नको रे बाबा, काढून टाक," त्या म्हणाल्या.

वहीतली ओळ सापडायला मिनिटही लागलं नाही. दोन क्लिप संपादनातून काढल्या. मग मूळ कार्ड, संपादनाचा संगणक आणि राखीव हार्ड डिस्क अशा तिन्ही ठिकाणांहून पुसल्या. राखीव प्रत लोक हमखास विसरतात. चेहरा धूसर करून दृश्य तसंच ठेवता आलं असतं, पण ओळखीच्या माणसाला शाल, चाल आणि शेजारी उभी असलेली मुलगी पुरेशी असते. धूसर करणं हा उपाय अनोळखी लोकांपुरता चालतो, आणि मावशींना भीती ओळखीच्यांचीच होती. त्या जागी मी घंटेचं दृश्य टाकलं. काम झाल्यावर त्यांना फोन करून सांगितलं, कारण न सांगता पुसलेलं त्यांना कळणार कसं?

मुदत संपल्यावर कुणी फोन केला तर काय, हे आधी ठरवून ठेवा. माझ्याकडे उत्तर असं आहे: व्हिडिओ तेव्हा लोकांपुढे आलेला असेल तरी मी तो खाली घेतो, तो भाग काढतो आणि पुन्हा चढवतो. बघणाऱ्यांचा आकडा शून्यावर जातो. तो परत मिळवता येतो.

होकाराचे कागद आणि ध्वनिमुद्रणं व्हिडिओबरोबर एकाच डिस्कवर ठेवू नका. त्यात लोकांची नावं आणि फोन नंबर आहेत आणि डिस्क हातोहात फिरते. आमची वही एकाच कपाटात, एकाच माणसाकडे असते. देवस्थानाला तयार व्हिडिओची प्रत मिळते. वही त्यांनी मागितली तरी मिळत नाही, आणि हे अर्जातच लिहिलेलं असलं की ऐन वेळी वाद होत नाही.